MH15 मधून पंधरा H कसे निघतात? रन-लेंग्थ एन्कोडिंगची पार्श्वभूमी

नाशिकच्या आरटीओत नोंदलेल्या गाडीचा नंबर MH15 ने सुरू होतो. हीच चार अक्षरं कॉलेजच्या लॅबमध्ये लिहितात त्या साध्या रन-लेंग्थ प्रोग्रामला देऊन बघा. नियम असा: सलग तेच अक्षर आलं तर ते एकदा लिहायचं, पुढे संख्या लिहायची, एकटं असेल तर संख्या नाही. aaab चं a3b होतं. MH15 मध्ये सलग काहीच नाही, म्हणून एन्कोडर ते जसंच्या तसं सोडतो. डिकोडर मात्र त्यातून एक M आणि पंधरा H काढतो. एरर येत नाही, त्यामुळे टेस्टमध्ये नुसती अक्षरं असली तर हे कळतही नाही.

मोजणी कुठली आणि मजकूर कुठला, हा प्रश्न जुना आहे. फॅक्सवाल्यांना तो फारसा छळला नाही, कारण त्यांच्याकडे रंग दोनच. ग्रुप ३ फॅक्सच्या 1980 च्या मानकात ओळ नेहमी पांढऱ्याने सुरू होते आणि पुढे काळा-पांढरा आलटून पालटून येतात, म्हणून प्रत्येक सलग पट्ट्याची, म्हणजे रनची, फक्त लांबी पाठवली की पुरे. ओळ काळ्याने सुरू होत असेल तर आधी शून्य लांबीचा पांढरा पाठवायचा. अडचण होती लांबीची. ओळीत 1728 ठिपके, आणि प्रत्येक लांबीला वेगळा कोड ठेवायचा तर तक्ता फार मोठा होतो. म्हणून 63 पर्यंत सरळ कोड, त्यापुढे 64 च्या पटीचा एक कोड आणि उरलेल्याचा दुसरा. 200 म्हणजे 192 आणि 8. नेमके 128 असले तरी मागून शून्याचा कोड लागतोच. नाहीतर रन संपला हे समोरच्याला कळणार कसं?

चित्रांच्या फाइलींत रंग वाढले आणि MH15 चीच अडचण बाइटमध्ये आली. PCX या फॉरमॅटने वरचे दोन बिट 1 असलेला बाइट मोजणीसाठी राखला. उरलेल्या सहा बिटांत 63 पर्यंतच मोजता येतं, त्याहून लांब रन तोडावा लागतो. शिवाय 192 किंवा त्याहून मोठी किंमत एकटी आली तरी तिच्यापुढे ‘एकदा’ अशी मोजणी लिहावी लागते. एका बाइटचे दोन होतात.

मजकुरासाठी मला सर्वात निर्धोक वाटते ती जोड्यांची पद्धत: आधी एकच आकडी मोजणी, मग अक्षर, आणि एकटं असलं तरी 1 लिहायचाच.

```
MH15         -> 1M1H1115
aaaaaaaaaaaa -> 9a3a
```

1115 ही इथे संख्या नाही. 11 आणि 15 अशा दोन जोड्या आहेत. आकडे दिसतील तितके गोळा करणारा डिकोडर इथे चुकतो: मोजणी हातात, अक्षर संपलेलं. बारा a मात्र दोन तुकड्यांत येऊनही नीट जुळतात. किंमत एवढीच की काहीच पुनरावृत्ती नसलेला मजकूर थेट दुप्पट होतो.