राइट्सचा भाव आणि धाकट्याचा वीस टक्के हिस्सा

1956 च्या कंपनी कायद्यात नवे शेअर आधी जुन्या भागधारकांना देऊ करण्याचे बंधन खासगी कंपन्यांवर नव्हते. संचालकांना वाटेल त्याला शेअर देता येत. तरीही 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खासगी कंपनीच्या संचालकाने स्वतःच्या नावे केलेले वाटप रद्द केले. 2013 च्या कायद्याचे कलम 62 खासगी कंपन्यांनाही 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले आणि ‘राइट्स’, म्हणजे जुन्या भागधारकांना त्यांच्या हिश्श्याच्या प्रमाणात आधी देऊ केलेले नवे शेअर, हा शब्द वागळे इस्टेट, रबाळेच्या घरगुती कारखान्यांत पोहोचला.

बोनस शेअर, म्हणजे भागधारकांना फुकट दिलेले शेअर, काढून कंपनीत पैसा येत नाही. राखीव निधीतली रक्कम भांडवलाच्या खात्यात जाते, एवढेच. बँकेला किंवा टेंडरला भरणा झालेले भांडवल मोठे दाखवायचे असेल तर त्याचा उपयोग होतो. मशीन घ्यायला होत नाही.

खरा गुंता राइट्सच्या भावात आहे. समजा, रबाळ्याच्या एका कंपनीचे 1 लाख शेअर तीन भावांकडे 50, 30 आणि 20 हजार असे आहेत. निव्वळ मालमत्ता 1 कोटी, म्हणजे शेअरमागे 100 रुपये. कंपनीला 40 लाख हवेत. संचालक मंडळ एकास एक राइट्स 40 रुपयांना काढते. थोरले दोघे पैसे भरतात, धाकट्याकडे 8 लाख नाहीत आणि त्याचे उरलेले शेअरही तेच दोघे घेतात. आता 2 लाख शेअर, मालमत्ता 1 कोटी 40 लाख, म्हणजे शेअरमागे 70 रुपये. धाकट्याचा हिस्सा वीसवरून दहा टक्क्यांवर आला आणि 20 लाखांची किंमत 14 लाख झाली. सहा लाख भावांकडे गेले, तेही रीतसर ठराव करून!

राइट्ससाठी मूल्यांकन अहवालाची अट नाही. सगळ्यांनाच देऊ केले म्हणजे अन्याय नाही, हा त्यामागचा तर्क. मला तो अर्धाच पटतो, कारण ज्याच्या हाती रोकड नाही त्याला देऊ करणे कागदावरच राहते. त्याला हक्क दुसऱ्याच्या नावे सोडून मोबदला घेता येतो. पण नियमावलीत ती मुभा काढून टाकलेली असेल तर तोही मार्ग बंद.

तेच 40 लाख प्रायव्हेट प्लेसमेंटने, म्हणजे निवडक लोकांना शेअर देऊन, बाहेरच्याकडून 100 रुपये भावाने आणले, तर 40 हजारच शेअर निघतात. धाकटा 14.3 टक्क्यांवर येतो, पण त्याचे 20 लाख शाबूत राहतात. त्यासाठी विशेष ठराव, नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल आणि वेगळे बँक खाते लागते. 2018 पासून वाटपाचे विवरण PAS-3 भरेपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. या कटकटीमुळेच अनेक जण राइट्सकडे वळतात.

राइट्सची मुदत पूर्वी किमान 15 दिवस होती. 1 एप्रिल 2021 पासून ती 7 दिवसांपर्यंत खाली आणता येते. धाकट्याला 8 लाख तेवढ्यात उभे करायचे असतात.