हक्कसोडपत्र रद्द करणे (बहिणीचा दावा)

वडिलोपार्जित मिळकतीतील हिस्सा भावाच्या नावे सोडल्याचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र बनावट आहे किंवा दबावाखाली करून घेतले आहे, असे सांगून बहीण ते रद्द करण्यासाठी दिवाणी न्यायालयात जो दावा दाखल करते, त्याची ही नोंद आहे. दुय्यम निबंधकाला झालेली नोंदणी स्वतःहून रद्द करता येत नाही.

दाव्याची सगळी भिस्त सही कोणाची, या प्रश्नावर असते. सही बहिणीची नसेलच, तर दस्त मुळातच शून्य ठरतो आणि तो आपल्यावर बंधनकारक नाही असे घोषित करून मागता येते. सही तिचीच, पण दबावाखाली घेतलेली असेल, तर दस्त रद्द होईपर्यंत अमलात राहतो. तो विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३१ नुसार रद्द करून घ्यावा लागतो आणि मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५९ प्रमाणे त्यासाठी, रद्द करून मागण्याचा हक्क देणारी वस्तुस्थिती कळल्यापासून, तीन वर्षे मिळतात. या दोहोंच्या मधली स्थिती घरोघरी आढळते: सही खरी, पण कागद कसला हे खोटे सांगितलेले. दस्ताच्या स्वरूपाबद्दलच अशी फसवणूक झाली असेल, तर तो शून्य मानला जातो. फक्त मजकुरातील तपशिलाबद्दल झाली असेल, तर तो केवळ रद्द होण्याजोगा ठरतो.

समजा, नागपुरात महाल भागातील घराचे हक्कसोडपत्र २०१२ मध्ये नोंदले गेले, आणि २०२४ मध्ये घर विकायला निघाल्यावर बहिणीने आखीव पत्रिका काढली, तेव्हा तिला आपले नाव दिसले नाही. वारसनोंदीचे कागद म्हणून भावाने सही घेतली, असे तिचे म्हणणे आहे. भाऊ उत्तर देईल की नाव कमी करताना फेरफाराची नोटीस तिला मिळाली होती आणि पोचपावतीवर तिची सही आहे. ती पावती खरी निघाली, तर बारा वर्षांनी कळल्याचे म्हणणे टिकणे कठीण. दबाव किंवा फसवणुकीच्या बाजूने केलेले असे दावे बहुधा इथेच पडतात. म्हणून फेरफाराची फाईल दावा लिहिण्याआधी पाहावी. 'फसवून सही घेतली' एवढे मोघम वाक्यही पुरत नाही. कोणी, कधी, कुठे, काय सांगून, हे दावापत्रातच लिहावे लागते.

पुरावा म्हणून निबंधक कार्यालयातील दस्ताची प्रमाणित प्रत आधी घ्यावी. तिच्यावर पक्षकाराचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा असतो. सही वर्षांगणिक बदलते, ठसा बदलत नाही. त्यामुळे तोतया उभा केल्याचा आरोप असेल, तर सहीच्या तपासणीपेक्षा तज्ज्ञाकडून झालेली ठशांची तुलना अधिक निर्णायक ठरते. ठसा तिचाच निघाला, तर बनावटपणाचा मुद्दा जवळपास संपतो, आणि दबावाचे म्हणणे पर्यायी म्हणून आधीच मांडलेले नसेल, तर हाती काही उरत नाही.

दाव्यासोबत घर विकण्यास तात्पुरती मनाई मागितली जाते, आणि वाटप व स्वतंत्र ताबाही त्याच दाव्यात मागावा. हक्कसोडपत्र रद्द झाल्यास न्यायालय हुकूमनाम्याची प्रत निबंधकाकडे पाठवते आणि तो आपल्या पुस्तकातील दस्ताच्या नकलेवर रद्द झाल्याची नोंद घेतो. आखीव पत्रिकेवरील नाव मात्र त्यावरून आपोआप बदलत नाही. हुकूमनामा जोडून नगर भूमापन कार्यालयात वेगळा अर्ज करावा लागतो.