वेबसाइट हवी की कॅटलॉग? दुकानदाराला आधी काय विचारायचं

"बाय, वेबसायट करपाक कितले पडटले?" हा प्रश्न मला आठवड्यातनं एकदा तरी येतो, डिचोलीच्या बाजारात, फोंड्याला, कधी शुक्रवारी म्हापश्याला गेले की तिथे पण. लॅपटॉप घेऊन फिरणारी मुलगी दिसली की विचारतात. आणि मी आकडा सांगायच्या आधी उलट विचारते की काका, गिऱ्हाईक फोन करून सगळ्यात जास्त काय विचारतं? कारण दहातल्या सात-आठ जणांना वेबसाइट नको असते, त्यांना कॅटलॉग हवा असतो, फक्त शब्द एकच माहीत असतो.

दोन्ही मोबाइलवर दिसतं, दोन्हीत फोटो असतात, दोन्हीची लिंक पाठवता येते, त्यामुळे गोंधळ होणारच. पण काम वेगळं आहे. वेबसाइट म्हणजे दुकानाची पाटी, आणि ती अनोळखी माणसासाठी असते, ज्याला तुमचं नाव माहीत नाही, तो मंगेशीला देवदर्शनाला आलाय आणि गूगलवर काजूचं दुकान शोधतोय. त्याला हवं असतं कुठे आहे, आत्ता उघडं आहे का, आणि हे खरं दुकान आहे ना. कॅटलॉग म्हणजे गल्ल्यामागची भाव लिहायची फळी, ती ओळखीच्या माणसासाठी, ज्याच्याकडे तुमचा नंबर आधीच सेव्ह आहे आणि त्याला बेळगावहून किंवा मुंबईहून विचारायचंय की या आठवड्यात काजूगर काय भावाने. पाटी वर्षातनं एकदा रंगवली तरी चालते. फळी रोज पुसून लिहावी लागते. हा फरक मला शिकवला तो एका चुकीने, तीच सांगते.

मारडोळच्या बाजूला एक काजूचं दुकान आहे, काका-काकू चालवतात. काजूगर, सालीचे भाजलेले काजू, सोलं, आगळ, कोकम सरबत, पापड, असे सगळे मिळून 34 आयटम. त्यांनी वेबसाइट मागितली म्हणून मी मन लावून केली, प्रत्येक वस्तूचा फोटो, खाली भाव. मार्चमध्ये केली, आणि मार्च म्हणजे काजूचा हंगाम सुरू, भाव हलायला लागतो. तीन आठवड्यात किलोमागे 80 रुपयांचा फरक पडला आणि वेबसाइटवर जुनाच भाव, कारण बदलायचा तर काकांनी मला फोन करायचा, मी घरी जाऊन फाइल बदलायची, परत चढवायची. एक गिऱ्हाईक गल्ल्यावर येऊन मोबाइल दाखवायला लागलं, हे बघा तुमच्याच साइटवर हा भाव आहे. काकांनी जुन्या भावाने दिलं, मला एक शब्द बोलले नाहीत, पण काकूंनी संध्याकाळी फोन केला. चूक पूर्ण माझी होती, फळीवर लिहायचं ते मी पाटीवर लिहिलं.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे, भाव एकाच जागी राहणार, आणि ती जागा दुकानदाराच्या हातातल्या फोनमध्ये असणार.

आता कॅटलॉगबद्दल. लहान दुकानाला मी व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमधलाच कॅटलॉग करून देते, 2019 च्या शेवटापासून ही सोय आहे आणि फुकट आहे. 500 पर्यंत आयटम बसतात, एका आयटमला 10 फोटो, नाव, भाव, वर्णन, कोड. आपल्याकडच्या दुकानाला याच्यावर काही लागत नाही. पीडीएफ मात्र मी करत नाही, कितीही सुंदर झाली तरी, कारण एकदा पाठवली की ती लोकांच्या फोनमध्ये तशीच राहते आणि दोन वर्षांनी पण कोणीतरी तोच भाव दाखवतं.

फोटोवर वेळ घालवायचा, खरा माल तिथेच विकला जातो. काजूचं बघा, W240 म्हणजे एका पौंडात 220 ते 240 गर, W320 म्हणजे 300 ते 320, म्हणजे पाव किलोत W240 चे साधारण 120 ते 130 गर येतात आणि W320 चे 165 ते 175. पण हे गिऱ्हाइकाला कुठे माहीत, त्याला दोन फोटो सारखेच दिसतात आणि मग तो विचारतो की एक महाग आणि एक स्वस्त का. म्हणून आम्ही एकच स्टीलची ताटली घेतली, दुकानाच्या दारात सकाळच्या उजेडात ठेवली, ट्यूबलाइट बंद (तिच्या उजेडात काजू पिवळा दिसतो, जुना माल वाटतो), आणि प्रत्येक ग्रेडच्या बाजूला तेच एक रुपयाचं नाणं. आता W240 आणि W320 शेजारी बघितले की नाण्यामुळे आकार कळतो, कोणी विचारत नाही. तुकडा वेगळा टाकला आणि वर्णनात स्पष्ट लिहिलं की हा मोडका माल आहे, खिरीला आणि मसाल्याला चालतो. पाव, अर्धा आणि एक किलोला मी वेगळे आयटम करते, एकाच आयटममध्ये तीन भाव लिहिले की ऑर्डर देताना हमखास घोळ होतो.

आयटम टाकला की लगेच दिसतो असं नाही, आधी तपासला जातो. आणि दारू, तंबाखू कॅटलॉगमध्ये चालत नाही, ही गोष्ट गोव्यात पहिल्यांदाच सांगून टाकायची. काजूच्या दुकानात बाजूला फेणी असतेच, फेणीला 2009 मध्ये जीआय मानांकन मिळालंय, अभिमानाची वस्तू आहे, पण व्हॉट्सॲपच्या नियमात ती दारूच. काकांनी मला बाटल्यांचे फोटो पण काढायला लावले होते, मी ते वेगळे ठेवून दिले, कॅटलॉगमध्ये टाकले नाहीत.

कॅटलॉगचा खरा धोका वेगळाच आहे, तो म्हणजे नंबर. कॅटलॉग त्या नंबरला बांधलेला असतो. एका दुकानात भाच्याने हौसेने स्वतःच्या नंबरवर सगळं केलं, सव्वाशे आयटम, आणि मग त्याला बोटीवर नोकरी लागली, तो गेला, सिम त्याच्याबरोबर गेलं. ओटीपी त्याच्याकडे, कॅटलॉग त्याच्याकडे, आणि दुकानात गिऱ्हाईक विचारतंय मेसेजला उत्तर का देत नाही. सगळं परत पहिल्यापासून करावं लागलं. त्यामुळे सुरुवातीलाच विचारा की हा नंबर कोणाच्या नावावर आहे आणि पाच वर्षांनी कुठे असेल. दुकानात लँडलाइन असेल तर तोही चालतो, कोड फोन कॉलवर ऐकून घेता येतो.

दुसरी मर्यादा म्हणजे गूगलवर शोधणारा माणूस कॅटलॉगपर्यंत पोचत नाही. कॅटलॉग दाराच्या आतला आहे, दारापर्यंत आणायचं काम त्याचं नाही. इथे वेबसाइट लागते, पण छोटी, खरं तर एकच पान.

त्या पानावर मी आता काय ठेवते? दुकानाचं नाव मराठीत आणि इंग्रजी अक्षरात दोन्ही, कारण बाहेरचा माणूस इंग्रजीतच टाइप करतो. दुकानाचा बाहेरून काढलेला एक फोटो, रस्त्यावरून जसं दिसतं तसा, म्हणजे गाडीतल्या माणसाला ओळखू येईल. काय मिळतं ते दोन ओळीत, भाव न लिहिता. नकाशा, फोन, अन्न विभागाचा 14 आकडी परवाना नंबर, आणि वेळ. वेळेबद्दल गोव्यात जास्तच जपावं लागतं कारण दुपारी 1 ते साडेतीन-चार आपली दुकानं बंद असतात आणि पर्यटक नेमका दोन वाजता जेवून येतो. गूगलच्या दुकान प्रोफाइलमध्ये एका दिवसाला दोन वेळा टाकता येतात, सकाळची वेगळी आणि संध्याकाळची वेगळी, तशाच टाका, सकाळी 9 ते रात्री 8 असं सलग टाकू नका. चवथीच्या दिवसांची सुट्टी पण आधीच भरून ठेवायची. आणि कोणी म्हणालं की गूगल प्रोफाइलबरोबर फुकट वेबसाइट मिळायची ना, तर ती सोय मार्च 2024 मध्ये बंद झाली, प्रोफाइल आहे, साइट नाही.

फोटो चढवायच्या आधी बारीक करायचे. फोनचा एक फोटो 4 एमबीचा सहज होतो, रुंदी 1200 पिक्सल करून वेबपीमध्ये काढला की 100-150 केबीत येतो, आणि डोंगराच्या आडोशाला रेंज कमी असलेल्या ठिकाणी पण पान उघडतं. असं पान फुकट होस्टिंगवर राहतं, पण नियम वाचून घ्या, गिटहब पेजेस धंद्याच्या साइटसाठी नाही असं त्यांनीच लिहिलंय, मी क्लाउडफ्लेअर पेजेस वापरते. खर्च फक्त डोमेनचा, आणि तो घेताना पहिल्या वर्षाची ऑफर बघू नका, दुसऱ्या वर्षीचा रिन्यूअलचा भाव बघा. डोमेन काकांच्या नावावर, काकांच्या ईमेलवर, काकांच्या पैशाने. माझ्या नावावर घेतलं आणि उद्या मी पुण्याला नोकरीला गेले तर दुकानाची पाटी माझ्याबरोबर जाईल, भाच्याचं झालं तेच.

आता दोघांना जोडायचं कसं, इथे एक छोटी युक्ती आहे जी मला फार आवडते. लोक सरळ कॅटलॉगच्या लिंकचा क्यूआर छापून गल्ल्यावर, पाकिटावर, स्टिकरवर लावतात. मग नंबर बदलला की हजार पाकिटं वाया. त्यापेक्षा क्यूआर आपल्या डोमेनवरच्या एका पत्त्याचा करा, समजा /bhav, आणि साइटच्या फोल्डरमध्ये `_redirects` नावाची फाइल ठेवून त्यात एक ओळ लिहा, म्हणजे तो पत्ता उघडणारा आपोआप कॅटलॉगवर जातो:

```
/bhav  https://wa.me/c/91XXXXXXXXXX  302
```

नंबर लिहिताना पुढे 91, मग दहा आकडे, प्लस नाही, शून्य नाही, मधे जागा नाही, यातलं एक जरी चुकलं तरी लिंक उघडेलच असं नाही. आणि शेवटी 302 च लिहा, 301 नको, कारण 301 म्हणजे कायमचा पत्ता, लोकांच्या फोनचा ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि तुम्ही ओळ बदलली तरी जुन्याच जागी नेतो. 302 असलं की नंबर बदलला तर ही एक ओळ बदलायची, छापलेलं सगळं तसंच चालू.

मारडोळचं दुकान आता असंच आहे. पानावर भाव नाहीत, एक मोठं बटण आहे "आजचा भाव बघा", ते दाबलं की कॅटलॉग. काम सोपवताना मी लॅपटॉप बाहेर काढलाच नाही, काकूंच्या हातात फोन दिला आणि म्हटलं तुकड्याचा भाव बदला. पहिल्यांदा चष्मा शोधण्यातच वेळ गेला, मग टूल्स, कॅटलॉग, तुकडा, भाव, सेव्ह. दुसऱ्यांदा सोलांचा भाव त्यांनी मी न सांगता बदलला. सोलांचा फोटो मात्र अजून ट्यूबलाइटखालचाच आहे, तो उजेडात परत काढायला मी रविवारी सकाळी जाणार आहे.