गाळलेला शब्द हुडकायचा कसा? (क्लासला येणाऱ्या विद्यार्थी आणि पालकांसाठी)

बँक, एसएससी किंवा भरतीच्या परीक्षेची तयारी करणारी पोरं आमच्याकडे येतात तेव्हा एक गोष्ट हमखास सांगतात, सर बाकी व्याकरण जमतं पण उताऱ्यातल्या रिकाम्या जागा चुकतात. इंग्रजीच्या पेपरात त्याला क्लोझ टेस्ट म्हणतात. हा प्रकार १९५३ साली विल्सन टेलर यांनी काढला, तेव्हा तो परीक्षेसाठी नव्हता, मजकूर वाचायला किती सोपा आहे ते मोजायला होता आणि त्यात दर पाचवा शब्द सरसकट गाळायचे. आजच्या परीक्षेत तसं नसतं, पेपर काढणारा शब्द निवडून गाळतो, म्हणजे त्या शब्दाचा पुरावा उताऱ्यात कुठंतरी असतोच, नाहीतर एकच उत्तर बरोबर ठरवता येणार नाही. तो पुरावा कसा पकडायचा ते या पत्रकात एकाच उताऱ्यावर दाखवलंय. उतारा मराठी घेतलाय कारण पद्धत आधी आपल्या भाषेत पक्की झाली की इंग्रजीत तीच वापरता येते.

आधी सगळा उतारा एकदा वाचून काढा, पर्यायांकडे अजिबात न बघता.

रावेर तालुक्यातील एका शेतकऱ्याने जून महिन्यात केळीची रोपे (१)____. पाऊस लांबला, (२)____ ठिबकवर पाणी असल्यामुळे रोपे तगली. मे महिन्यात मात्र उष्ण वारे सुटले आणि पाने (३)____ लागली. त्याने बागेच्या पश्चिमेकडील (४)____ शेवरीची दाट रांग लावली होती, म्हणून आतली झाडे वाचली. (५)____ बाजूची झाडे मात्र घडांसकट मोडून पडली.

पहिल्या जागेला पर्याय आहेत लावला, लावली, लावले, लावल्या. इथं अर्थ विचारलेलाच नाही, चारही शब्दांचा अर्थ एकच आहे, म्हणजे हा प्रश्न निव्वळ व्याकरणाचा. बरीच मुलं शेतकरी पुल्लिंगी म्हणून लावला टिक करतात. पण शेतकऱ्याला 'ने' लागलाय, आणि कर्त्याला 'ने' लागून पुढं असं साधं कर्म आलं की क्रियापद कर्मामागं जातं. कर्म कोण, तर रोपे, ते नपुंसकलिंगी अनेकवचन, म्हणून लावली. खात्री करायची असेल तर शब्द बदलून बघा: शेतकऱ्याच्या जागी त्याची बायको घाला, 'शेतकऱ्याच्या बायकोने रोपे लावली', क्रियापद जागचं हललं नाही. आता रोपांऐवजी कंद घाला, 'कंद लावले', लगेच बदललं. ज्या शब्दाला हलवल्यावर क्रियापद हलतं त्याच्याशी ते बांधलेलं असतं, हे एवढं लक्षात राहिलं तरी या जातीच्या जागा चुकत नाहीत.

दुसरी जागा: पण, म्हणून, कारण, किंवा. इथं व्याकरण काहीच सांगत नाही, चारही बसतात. पुढं 'असल्यामुळे' दिसतं, आणि ते दिसलं की हात आपोआप 'कारण'वर जातो. थांबा, दोन्ही बाजू मोजून बघा. डावीकडं पाऊस लांबला, ही वाईट बातमी. उजवीकडं रोपं तगली, ही चांगली. 'कारण' टाकलं तर रोपं तगली म्हणून पाऊस लांबला असा अर्थ होतो, जो कुठल्याच शेतकऱ्याला पटणार नाही. 'म्हणून' टाकलं तर पाऊस लांबल्यामुळं रोपं तगली असं होतं, तेही उलटं. बातमी उलटली की 'पण', एवढं सरळ आहे. 'असल्यामुळे' आहे खरं, पण ते ठिबकचं कारण सांगतंय, या दोन बाजूंना जोडत नाहीये.

तिसरी जागा दोन टप्प्यांत सुटते. पर्याय करपू, करपून, उमलू, वाढू. पुढं 'लागली' आहे म्हणजे मागं 'ऊ'चं रूप हवं, तिथंच करपून गेलं. उरले तीन, तिथून पुढं अर्थ. वारे उष्ण आहेत, महिना मे आहे, आणि 'मात्र' आलंय म्हणजे आतापर्यंत जे बरं चाललं होतं ते बिघडणार. करपू. चौथी सोपी आहे, बांध, बांधाने, बांधाचा, बांधावर यातलं बांधावर, रांग कुठं लावली त्याचं उत्तर हवंय एवढं बघितलं की झालं.

पाचवी जागा मात्र नीट बघा कारण मार्क इथं जातात. पर्याय आतल्या, पश्चिमेच्या, दाट, मोकळ्या. 'बाजूची'च्या मागं चारही चालतात, आणि जागेच्या लगेच पुढंमागं एकही खूण नाही. खूण आहे पूर्णविरामाच्या पलीकडं. आतली झाडं वाचली असं लिहिलंय, म्हणजे आतल्या बाद. पश्चिमेला शेवरी उभी आहे, तिथं आडोसा आहे, म्हणजे पश्चिमेच्या बाद. दाट हा शब्द उताऱ्यात आधी येऊन गेलाय आणि ओळखीचा वाटतो म्हणूनच तो पर्यायात ठेवलाय, पण दाट बाजू कसली? राहिलं मोकळ्या, जिथं शेवरी नव्हती ती बाजू. उतारा आधी पूर्ण वाचा असं आम्ही बजावतो ते याच्यासाठीच, एकेक वाक्य वाचत भरत गेलात तर पाचव्या जागेला पोचेपर्यंत शेवरी विसरलेली असते.

कधीकधी व्याकरणानंही दोन राहतात आणि अर्थानंही तेच दोन राहतात. तेव्हा शेजारचा शब्द कुणाबरोबर नांदतो ते बघा. 'चोरीला आळा' याच्या पुढं घातला की बसला? दोन्ही मराठी आहेत. मागं 'पोलिसांनी' असेल तर घातला, 'रात्रीच्या गस्तीमुळे' असेल तर बसला. अशा जोड्या नियमानं येत नाहीत, वाचून वाचूनच येतात, त्यामुळं रोज पेपरातला एक अग्रलेख वाचा असं सांगतो ते गंभीरपणे घ्या.

आपल्या भागातल्या मुलांसाठी एक खास गोष्ट. शब्द टाकून मनात म्हणून बघायचा, कानाला खटकला की सोडायचा, ही युक्ती सगळीकडं सांगतात. पण ज्यांच्या घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलतात, त्यांचा कान 'माले', 'तुले' ऐकून तयार झालेला असतो, छापील मराठीत तिथं 'मला', 'तुला' लागतं. यात बोलीचं काही कमीपण नाही, तिचं स्वतःचं व्याकरण आहे आणि ते चोख आहे, फक्त परीक्षेतलं व्याकरण वेगळं आहे. म्हणून अर्थासाठी कानावर खुशाल भरवसा ठेवा, पण शब्दाच्या शेवटासाठी, म्हणजे लिंग वचन प्रत्यय यासाठी, कर्ता आणि कर्म बोटानं दाखवूनच ठरवा.

आणि तरीही दोन पर्यायांवर अडलात तर? बँकेच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव भाग कापतात. बाकीचे पर्याय पुराव्यानं खोडून दोनच उरले असतील तर उत्तर देणं फायद्याचं पडतं, एकही खोडता आला नसेल तर जागा सोडून पुढं जा.

पालकांनो, क्लासमधून दर रविवारी एक उताऱ्याचा कागद घरी देतो. त्यावर नुसती टिक नको. प्रत्येक जागेपुढं मुलानं उत्तर कशावरून काढलं ते एका अक्षरात लिहावं, व्याकरणावरून असेल तर 'व', अर्थावरून 'अ', लांबच्या खुणेवरून 'ख', आणि ज्या शब्दात पुरावा सापडला त्याच्याखाली रेघ. अंदाजानं टाकलं असेल तर टिंब. उत्तर बरोबर आलं तरी टिंब असेल तर आम्ही ती जागा पुन्हा घेतो, आणि कुणाच्या कागदावर 'ख' कधीच येत नसेल तर तो मुलगा वाक्यापुरतंच वाचतोय हे लगेच कळतं. कागद सोमवारी बॅचला येताना सोबत पाठवा.