गुणक म्हणजे दुहेरी मोजणी नव्हे

‘सरकारने शंभर रुपये खर्च केले तर उत्पन्न शंभरानेच वाढणार, पुढे तीच नोट फिरते आणि अर्थशास्त्रज्ञ ती पुन्हा पुन्हा मोजतात,’ असा आक्षेप गुणकावर, म्हणजे एका खर्चातून एकूण उत्पन्न किती पट वाढते या हिशेबावर, घेतला जातो.

नोट तीच असली तरी प्रत्येक फेरीत होणारे काम नवे असते, आणि राष्ट्रीय उत्पन्नात नोटा नव्हे, तर ते नवे उत्पादन मोजले जाते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड कान यांनी 1931 मध्ये हा हिशेब मांडला, तो बेकारांना मिळणाऱ्या सार्वजनिक कामांच्या संदर्भातच.

समजा, पाझर तलावाच्या कामावर मजुरांना 100 रुपये मजुरी मिळाली. त्यांतले 60 रुपये त्यांनी शिंप्याकडे आणि सुताराकडे खर्च केले, तर रिकाम्या बसलेल्या त्या कारागिरांनी 60 रुपयांचे नवे काम केले. त्यांनीही त्याच प्रमाणात खर्च केल्यास पुढच्या फेरीत 36 रुपयांची, मग 21.60 रुपयांची भर पडते आणि एकूण वाढ 250 रुपयांवर थांबते. ती थांबते, कारण दर फेरीत चाळीस टक्के रक्कम बचत, कर आणि आयात यांत गळते. ही गळती साठ टक्के असती, तर बेरीज सुमारे 167 रुपयेच झाली असती.

मात्र शिंप्याच्या हाती आधीच भरपूर काम असेल, तर नवे कपडे शिवले जाण्याऐवजी शिलाईचा दर वाढतो. म्हणून खर्चानंतर उत्पादन वाढले की केवळ किमती, हे आधी तपासावे.