तारा किती लांब आहे ते कसं मोजतात, आणि देवयानीपाशी गाडी का अडते
(दुर्बीण भाड्याने नेणाऱ्या आणि शनिवारी रात्री आकाश बघायला येणाऱ्या ग्राहकांसाठी)

नमस्कार मंडळी. शनिवारी माळावर गेल्यावर हमखास एक प्रश्न येतो, "हा तारा अकरा प्रकाशवर्षं लांब आहे म्हणता, पण टेप घेऊन कोण गेलं होतं तिकडं?" प्रश्न बरोबर आहे, आणि अंधारात उभं राहून पाच मिनिटांत उत्तर देता येत नाही, मागं लाइन लागलेली असते, म्हणून हे लिहून ठेवलंय. घरी निवांत वाचा, जमलं तर आधी गच्चीवर जाऊन एक प्रयोग करा, मग बाकीचं आपोआप कळेल.

आधी गच्चीवर

आम्ही हा प्रयोग आमच्या दुकानाच्या गच्चीवर केला. गच्चीच्या पश्चिमेच्या कोपऱ्यातून पुढच्या गल्लीतला मोबाइल टॉवर बघितला तर तो लांबच्या पाण्याच्या टाकीच्या उजवीकडं दिसत होता. पूर्वेच्या कोपऱ्यात गेलो, म्हणजे ८ मीटर सरकलो, तर टॉवर टाकीसमोरून उडी मारून उलट्या बाजूला गेला होता, म्हणजे आपण उजवीकडं आणि तो डावीकडं असली गंमत. टॉवर काय हलला नाही, आपण हललो. ही जी उडी आहे ना, तिलाच पॅरॅलॅक्स म्हणतात, मराठी पुस्तकात पराशय असा शब्द सापडेल.

उडी किती ते मोजायला हात सरळ लांब करून अंगठा धरायचा, एक डोळा मिटायचा, अंगठ्याची रुंदी साधारण २ अंश भरते. टॉवर बरोबर एक अंगठा सरकला. आता हिशोब सोपा आहे, आपण सरकलो ते मीटर गुणिले ५७ आणि त्याला अंशांनी भागायचं. ८ गुणिले ५७ भागिले २, म्हणजे २२८ मीटर. फोनच्या नकाशावर मोजलं तर २१५ निघालं. अंगठ्याच्या मानानं लै भारी की! (पहिल्या वेळी दोन्ही डोळे उघडे ठेवून मोजलं होतं आणि उत्तर काहीच्या काही आलं, तेव्हा डोळा मिटायला विसरू नका.)

मग पोरं म्हणाली आता टाकीचं अंतर काढू. टाकी ६ किलोमीटरवर आहे, म्हणजे तेवढ्याच ८ मीटरमध्ये ती अंगठ्याच्या पंचविसाव्या भागाएवढी सरकणार, आणि अंगठा धरताना हातच त्याच्यापेक्षा जास्त हलतो. वर टाकीच्या मागं बघायला दुसरं काही नाही, नुसतं आभाळ, मग सरकली म्हणायची ती कशाच्या मानानं? टॉवर जमला, टाकी नाही जमली. ही टाकी लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

आता गच्ची मोठी करा

ताऱ्यांसाठी ८ मीटर कुठं पुरणार. पण आपण सगळे पृथ्वीवर बसून सूर्याभोवती फिरतोच आहे, तेव्हा आज बघायचं आणि सहा महिन्यांनी परत बघायचं, मधल्या काळात आपण ३० कोटी किलोमीटर लांब पलीकडच्या टोकाला पोचलेलो असतो, तेही फुकटात. जवळचा तारा मागच्या लांबच्या ताऱ्यांसमोर थोडा सरकलेला दिसतो. हिशोबात त्या सगळ्या उडीचा निम्मा कोन घेतात, म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढ्याच १५ कोटी किलोमीटरचा. एका अंशाचे ३६०० भाग केले की एक आर्क सेकंद, आणि निम्मी उडी बरोबर एक आर्क सेकंद भरली तर त्या अंतराला एक पार्सेक म्हणायचं, म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं. उडी अर्धी झाली की अंतर दुप्पट, उडी दहावा भाग झाली की अंतर दहापट. बस, एवढंच गणित आहे.

गोची अशी की एक आर्क सेकंदाएवढी उडी असलेला एकही तारा नाहीये. सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा प्रॉक्सिमा, त्याचीसुद्धा ०.७७ च भरते.

हंसातला ६१ नंबर

पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये रात्री आठ-नऊच्या सुमारास हंस तारकासमूह डोक्यावरून थोडा उत्तरेला असतो. त्यात ६१ सिग्नी नावाचा एक अंधुक तारा आहे, शहरातल्या लाइटमध्ये साध्या डोळ्यांना काही दिसत नाही, माळावर दिसतो. दुर्बिणीतून बघितलं तर एक नाही, दोन आहेत, दोन्ही नारिंगी. बघायला काही विशेष नाही असं लोक म्हणतात आणि शनीकडं वळतात, पण सूर्याखेरीज एखाद्या ताऱ्याचं भरवशाचं अंतर मोजून पहिल्यांदा छापलं गेलं ते याचंच, १८३८ मध्ये.

मोजणारा फ्रीडरिश बेसेल, गाव क्योनिग्सबर्ग. एवढ्या ताऱ्यांतून त्यानं हा अंधुकच का धरला? कारण हा तारा स्वतः आकाशात भरभर सरकतो, वर्षाला पाच आर्क सेकंदांहून जास्त. हायवेवर जवळची गाडी सुर्रकन जाते आणि लांबची जागेवर असल्यासारखी वाटते, तसं जो जास्त पळतो तो जवळ असणार असा त्याचा अंदाज. बाकी लोक सगळ्यात तेजस्वी तारे जवळचे असणार असं धरून बसले होते, ते कायम खरं नसतं.

त्याची दुर्बीण भिंगानं सहा इंचांच्या आसपासची, म्हणजे आमच्याकडं भाड्याला आहे तेवढीच! पण भिंग मधोमध कापून दोन अर्धी केलेली. एका अर्ध्यातून आपला तारा, दुसऱ्यातून शेजारचा अंधुक तारा, आणि स्क्रू फिरवून दोन्ही चित्रं एकावर एक आणायची. स्क्रू किती फिरला त्यावरून दोघांमधलं अंतर कळतं. हे त्यानं वर्षभराहून जास्त, रात्रीमागून रात्र केलं. एका रात्रीच्या मोजणीला काडीची किंमत नसते, कारण हवेनं तारा थरथरतो, आणि ते थरथरणंच एखाद्या आर्क सेकंदाएवढं असतं, म्हणजे जे मोजायचंय त्याच्यापेक्षा मोठं. पण थरथर इकडं-तिकडं सारखी होते, सरासरी काढली की विरते, आणि वर्षानं परत येणारी उडी उरते.

अजून एक भानगड म्हणजे तारा स्वतः पळतोय ते वेगळं आणि आपल्यामुळं हललेला दिसतो ते वेगळं. स्वतःचं पळणं सरळ रेषेत असतं, आपल्यामुळं होणारं हलणं वर्षाला एक फेरी मारून जागेवर येतं, त्यामुळं दोन्ही मिळून आकाशात नागमोडी रेघ तयार होते. त्यातली सरळ रेघ वजा केली की मागं राहतो तो पॅरॅलॅक्स. म्हणूनच नुसत्या दोन फोटोंवर भागत नाही.

बेसेलला मिळाले ०.३१४ आर्क सेकंद, म्हणजे साधारण १०.४ प्रकाशवर्षं. आजची मोजणी ०.२८६. एकाला ०.२८६ नं भागा, ३.५ पार्सेक, गुणिले ३.२६, झाली ११.४ प्रकाशवर्षं. म्हणजे एकशेचौदा किलोच्या पोत्याला गड्यानं एकशेचार किलो सांगितलं, आणि तेही तराजू न वापरता. तुमच्या त्या अंगठ्याचे २५ हजार उभे काप केले तर त्यातल्या एका कापाएवढी ही उडी आहे.

मग देवयानी का नाही मोजता येत?

हवेचा त्रास नको म्हणून युरोपच्या लोकांनी दुर्बिणी वर अवकाशात पाठवल्या, आधी हिपार्कोस १९८९ ला, मग गाया डिसेंबर २०१३ ला. गायानं २०२५ च्या जानेवारीपर्यंत मोजणी केली आणि शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांचे पॅरॅलॅक्स काढले. चांगल्या तेजस्वी ताऱ्यांना तिची चूक एका आर्क सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही ०.०२ पट, म्हणजे आपल्या भाषेत ०.००००२ आर्क सेकंद. आता बघा, तारा १००० पार्सेकवर असेल तर उडी ०.००१, त्यात चूक ०.००००२, म्हणजे दोन टक्के, झकास. १०,००० पार्सेकवर उडी ०.०००१, चूक तेवढीच, म्हणजे आता वीस टक्के. चूक तीच राहते पण उडी आटत जाते, सगळी भानगड इथं आहे.

देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर. तिची उडी ०.०००००१३ आर्क सेकंद. गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीचा तिळगूळ खाताना त्यातला एक तीळ चंद्रावर नेऊन ठेवला आणि आपण सोलापुरातून त्याची रुंदी मोजायची म्हटलं, तर तेवढा कोन होतो. आणि गायाची चूक त्याच्या पंधरापट. म्हणजे १५ किलोची चूक करणाऱ्या काट्यावर एक किलो शेंगदाणे मोजायचे. चुकून +०.००००२ आकडा आला तर देवयानी दीड लाखाच्या आसपास प्रकाशवर्षांवर निघेल, साफ खोटं, आणि उणे आकडा आला तर? उणे अंतर काय असतं ओ? पण गायाच्या यादीत लांबच्या वस्तूंपुढं उणे पॅरॅलॅक्स खरंच लिहिलेले आहेत. ती छपाईची चूक नाही, काटा शून्याच्या आसपास डुलतोय एवढाच त्याचा अर्थ. असा आकडा दिसला की समजायचं, इथं अंतर मिळालेलं नाही.

कोणी म्हणेल देवयानीत ढिगानं तारे आहेत, सगळ्यांची सरासरी काढा की, बेसेलनं नाही का काढली? त्यातही मेख आहे. सरासरीनं थरथर विरते, पण काटाच मुळात शून्यावरून सरकलेला असेल तर हजार वेळा मोजा, सरक तशीच राहते. गायाचा काटा सरकलेला आहे हे कळलं क्वेसारांवरून, म्हणजे फार लांबच्या दीर्घिकांच्या झगझगीत केंद्रांवरून, ते इतके लांब की त्यांचा पॅरॅलॅक्स शून्यच यायला पाहिजे, पण सरासरी आली उणे ०.००००२ च्या आसपास. आपल्या देवयानीच्या उडीच्या कितीतरी पट. दुरुस्ती करतात, पण दुरुस्तीसुद्धा एवढी बारीक नाही.

गच्चीवरच्या टाकीसारखीच गत. तिथं मागं नुसतं आभाळ होतं, इथं मागं क्वेसार आहेत, पण ज्या काट्यानं तुलना करायची त्याची सरक उडीहून मोठी. गच्ची मोठी करावी तर न्यू होरायझन्स यान २०२० मध्ये ७०० कोटी किलोमीटरवर होतं तेव्हा तिकडून प्रॉक्सिमाचा फोटो काढला होता, उडी डोळ्यांना दिसली, पण देवयानीला तेही कमीच.

मग २५ लाख आकडा आला कुठून? सेफिड नावाचे तारे ठरावीक दिवसांनी कमी-जास्त उजळतात, आणि जेवढे दिवस जास्त तेवढा तारा मुळात जास्त तेजस्वी, हे हेन्रिएटा लेव्हिटनं १९१२ मध्ये दाखवलं. जवळच्या सेफिडांचं अंतर पॅरॅलॅक्सनं मोजून त्यांचं खरं तेज ठरवतात, मग देवयानीतला तसलाच सेफिड किती मंद दिसतो त्यावरून ती किती लांब ते काढतात.

ऑक्टोबरच्या ट्रिपला ६१ सिग्नी आणि देवयानी दोन्ही दाखवतो. चादर आणा, माळावर गार वारं सुटतं, आणि फोनची टॉर्च लावू नका, परत अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं जातात.