किलोवॅट आणि केव्हीए: मोटर फिरते कशावर आणि बिल येतं कशावर

दहा हॉर्सपॉवरची मोटर बेल्ट काढून नुसतीच फिरवा आणि तिच्या एका फेजवर क्लॅम्प मीटर लावून बघा. पूर्ण भारावर साधारण १४ अँपिअर घेणारी ही मोटर रिकामी असतानाही पाच-साडेपाच अँपिअर ओढते. कामाच्या नावाने शून्य, तरी एक तृतीयांशाहून जास्त करंट चालू! साडेपाच अँपिअरला ४१५ व्होल्टने आणि १.७३२ ने गुणलं की जवळपास ४००० येतात. पण वॉटमीटर लावला तर तो जेमतेम पाचशे वॉट दाखवेल. मोजणीत चूक कुठेच नाही. ४००० हा आकडा व्होल्ट-अँपिअरचा आहे, म्हणजे ४ केव्हीए. पाचशे हे वॉट आहेत, म्हणजे अर्धा किलोवॅट.

या दोन आकड्यांत लोक सतत गल्लत करतात, कारण हीटर आणि बल्बवर ते सारखेच येतात. फरक पडतो तो लोखंडाच्या गाभ्यावर तारेचे वेढे असलेल्या यंत्रांवर: मोटर, वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर, इंडक्शन भट्टी, जुन्या चोकच्या ट्यूबलाइट. मोटर फिरायला आधी चुंबकीय क्षेत्र तयार व्हावं लागतं. त्यासाठी ऊर्जा लागते, पण ती खर्च होत नाही. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात प्रत्येक फेजवर सेकंदाला १०० वेळा क्षेत्र भरतं आणि रिकामं होतं, आणि तितक्याच वेळा ती ऊर्जा मोटरकडे येते आणि लाइनकडे परत जाते. या ये-जा करणाऱ्या भागाला रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर म्हणतात, मोजमाप केव्हीएआर. शाफ्टवर काम आणि मोटरमध्ये उष्णता होऊन जो भाग खरोखर संपतो ती रिअल पॉवर, किलोवॅटमध्ये. आणि वायरीतून दोन्ही मिळून जे वाहतं त्यावरून निघते ती अ‍ॅपरंट पॉवर, केव्हीए.

या तिघांची बेरीज सरळ होत नाही. दोन्ही करंट एकाच क्षणी शिखरावर नसतात, त्यांच्यात पाव चक्राचं अंतर असतं, म्हणून काटकोन त्रिकोणाचा हिशोब लागतो:

```
kVA² = kW² + kVAr²
PF = kW / kVA
```

पॉवर फॅक्टर म्हणजे एवढंच: वाहणाऱ्या केव्हीएपैकी कामाचे किलोवॅट किती. वरच्या रिकाम्या मोटरचा तो ०.१३ च्या आसपास येतो. तीच मोटर पूर्ण भारावर ०.८५ पर्यंत जाते. चुंबकीय क्षेत्राला लागणारा करंट भार कमी झाला म्हणून फारसा घटत नाही, त्यामुळे गरजेपेक्षा मोठ्या मोटरी बसवलेल्या आणि मशिनं रिकामी फिरत ठेवलेल्या शॉपचा पॉवर फॅक्टर हमखास पडलेला असतो. ‘पुढे लागेल’ म्हणून पाचच्या जागी दहाची मोटर घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर केव्हीए असण्याचं कारणही यातच आहे. वायंडिंग तापतं ते करंटने. तो करंट काम करून आला की नुसता हेलपाटा घालून आला, तांब्याला काय फरक पडतो? १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर ०.७५ पॉवर फॅक्टरचा भार टाकला तर ७५ किलोवॅटलाच त्याची क्षमता संपते.

आता बिलाकडे येऊ. घरच्या मीटरचं युनिट म्हणजे किलोवॅट-तास, त्यात रिअ‍ॅक्टिव्ह भाग मोजलाच जात नाही. त्यामुळे ‘प्लगमध्ये लावा आणि वीजबिल निम्मं करा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीत खराखुरा कपॅसिटर निघाला तरी घरचं बिल कमी होत नाही. त्याने मीटरपाशी करंट थोडा घटेल, पण मीटर करंटचे नाही, किलोवॅट-तासांचे पैसे लावतो. कारखान्याचं गणित वेगळं आहे. महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना आणि २० किलोवॅटवरच्या लघुदाब ग्राहकांना केव्हीए-तासांवर, म्हणजे मीटरच्या पडद्यावर दिसणाऱ्या `kVAh` वर बिल लावायचं ठरलं. हेलपाटा घालणारा करंट तिथून थेट खिशाला लागतो.

शिरोली एमआयडीसीत असावं तसं एक मशीन शॉप समजा. लेथ, दोन पॉवर प्रेस, एक कंप्रेसर. दिवसा ८ तास सरासरी ६० किलोवॅट भार, पॉवर फॅक्टर ०.७५. म्हणजे ८० केव्हीए, आणि ४१५ व्होल्टला १११ अँपिअर. त्रिकोणाच्या सूत्रातून रिअ‍ॅक्टिव्ह भाग निघतो सुमारे ५३ केव्हीएआर.

कपॅसिटरही ऊर्जा साठवतो आणि परत देतो, पण त्याची वेळ मोटरच्या बरोबर उलटी असते. मोटरचं क्षेत्र ज्या क्षणी ऊर्जा मागतं त्या क्षणी कपॅसिटर सोडत असतो, आणि मोटर परत करते तेव्हा कपॅसिटर भरत असतो. हेलपाटे थांबत नाहीत, पण ते मोटर आणि पॅनेलमधल्या कपॅसिटर बँकेपुरते राहतात; ट्रान्सफॉर्मरपर्यंत जायची गरज उरत नाही. या शॉपमध्ये ४० केव्हीएआर जोडले की लाइनकडून फक्त १३ मागावे लागतात. केव्हीए ८० वरून ६१ वर येतं, करंट १११ वरून ८५ अँपिअरवर, पॉवर फॅक्टर ०.९८ च्या जवळ. किलोवॅट मात्र साठच राहतात. मोटरला कळतही नाही की काही बदललं. वायर तापून जाणारी वीज करंटच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून मीटर ते पॅनेल या केबलमधला तोटा सुमारे ४१ टक्क्यांनी घटतो. पण पॅनेलपासून मोटरपर्यंतच्या केबलमध्ये पूर्वीइतकाच करंट वाहतो, कारण कपॅसिटर तिच्या अलीकडे बसला आहे. ती केबल लांब असेल आणि तापत असेल तर कपॅसिटर मोटरपाशीच लावावा लागतो.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. बाजारातल्या बऱ्याच कपॅसिटरांची केव्हीएआर क्षमता ४४० व्होल्टला लिहिलेली असते, आणि ती व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते. ४१५ व्होल्टवर ती ८९ टक्केच मिळते. म्हणजे खरे ४० हवे असतील तर पाटीवर ४५ असलेली बँक घ्यावी लागते. ४० ची घेतली तर हातात ३५-३६ येतात आणि मग दोष विक्रेत्यावर जातो.

इथवर सगळं सोपं वाटतं. अडचण सुरू होते संध्याकाळी. पाळी संपते, मशिनं बंद होतात, पण बँकेचा स्विच कोणी काढत नाही. रात्री १२ तास दिवे, पंखे आणि एखादी छोटी मोटर मिळून ५ किलोवॅट आणि ६ केव्हीएआर भार राहतो असं समजू. त्यावर ४० केव्हीएआरचा कपॅसिटर म्हणजे ३४ उरले, आणि ते आता लाइनकडे हेलपाटे घालतात, उलट्या दिशेचे. याला लीडिंग किंवा लीड म्हणतात; मोटरच्या नेहमीच्या हेलपाट्यांना लॅग. राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या सूत्रात लॅग आणि लीड एकमेकांतून वजा होत नाहीत, त्यांची बेरीज होते:

```
kVAh = √( kWh² + (RkVAh_lag + RkVAh_lead)² )
```

यातला `RkVAh` म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह भागाचे केव्हीएआर-तास. महिन्याचे २५ दिवस धरून आणि पाळ्यांमधले चार तास सोडून हिशोब मांडू. दिवसाचे १२,००० आणि रात्रीचे १,५०० मिळून १३,५०० किलोवॅट-तास. कपॅसिटर मुळीच नसेल तर लॅग होतो सुमारे १२,४००, आणि बिलावर येतात १८,३०० केव्हीए-तास. बँक दिवसरात्र चालू ठेवली तर लॅग २,६०० वर उतरतो, पण लीड १०,२०० चढतो, आणि बिल येतं १८,६०० केव्हीए-तासांचं. पैसे घालून बँक बसवली आणि बिल होतं त्याहून वाढलं! रात्री फक्त ५ केव्हीएआर आत ठेवून लीड सांभाळला तर हाच आकडा सुमारे १३,८०० वर येतो. शिवाय रात्री लाइनचं व्होल्टेज चढतं, आणि वर्गाच्या त्याच नियमाने कपॅसिटर तेव्हा आणखी जास्त देतो. म्हणून माझ्या मते, भार बदलता असेल तिथे एका तुकड्यातली फिक्स बँक लावूच नये.

त्यासाठी एपीएफसी, म्हणजे पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं पॅनेल असतं. ४५ केव्हीएआरचे ५, १०, १० आणि २० असे टप्पे करून रिले भार बघून ते आत-बाहेर करतो. हा रिले आंधळा होतो तो त्याला करंट दाखवणारा सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, चुकीच्या जागी बसल्यामुळे. सीटीने मुख्य इनकमरवरचा करंट बघायला हवा, म्हणजे मशिनं आणि कपॅसिटर या दोन्हींच्या आधीचा. तो कपॅसिटर फाट्याच्या पुढे, फक्त मशिनांच्या बाजूला बसला तर कपॅसिटर आत येऊनही रिलेला जुनाच पॉवर फॅक्टर दिसत राहतो आणि तो सगळे टप्पे आत टाकून बसतो. ओळखायचं कसं? एखादा टप्पा हाताने टाकल्यावर रिलेच्या पडद्यावरचा आकडा हललाच नाही, तर आधी सीटी तपासा.

दुसरा दोष हळूहळू येतो. कपॅसिटर आतून क्षीण होतात आणि बाहेरून अगदी धडधाकट दिसतात. रिलेवर टप्प्याचा दिवा लागलेला असतो, पण पॉवर फॅक्टर मात्र वर्षभरात ०.९८ वरून ०.९ वर घसरलेला असतो. अशा वेळी टप्पा आत असताना त्याच्या तिन्ही वायरी क्लॅम्प मीटरने मोजाव्यात. ४४० व्होल्टचा २० केव्हीएआर कपॅसिटर ४१५ व्होल्टवर प्रत्येक वायरीत २४-२५ अँपिअर घेतो. तिन्हींवर सारखेच पण १८ आले तर तो क्षीण झाला आहे. एकीवर २५ आणि बाकी दोन्हींवर १४ आले तर आतल्या डेल्टाचा एक घटक गेला आहे. मोजून झाल्यावर वायर सोडवायची असेल तर आधी टप्पा बंद करून काही मिनिटं थांबावं आणि टर्मिनलवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री करावी, कारण डिस्चार्ज रेझिस्टन्स जळालेला असेल तर पुरवठा तोडल्यावरही कपॅसिटर भरलेलाच राहतो.